मोडक्या पायाचा त

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. सांगितलेलं बरं, कारण त्या दोन-तीन महिन्यांत माझी चांगलीच टरकली होती, आणि ऑफिसातले लोक अजून त्यावरून माझी टर उडवतात. उडवू देत. ते ईमेल त्यांच्या नावावर आले असते तर कळलं असतं.

आमचं एक साप्ताहिक आहे. छापील नाही, नुसती वेबसाइट. दर गुरुवारी सकाळी नवे लेख चढतात. त्या लेखांची पानं मी बांधते, म्हणून सगळे मला पानवाली म्हणतात. पण ही गोष्ट माझी नाही, काकूंची आहे. काकूंना मी नीट ओळखायला लागले ती फार उशिरा, आणि त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधी त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या भिंगकाकांची ओळख करून द्यायला हवी.

भिंगकाका आमचे मुद्रितशोधक. कॉम्प्युटरच्या पडद्यालाही भिंग लावून वाचायचे. मी म्हणायचे, "काका, अहो पडद्याला भिंग लावलं की नुसते ठिपके दिसतात." ते म्हणायचे, "अगं, चुका ठिपक्यांतच बसलेल्या असतात, तू तुझं काम कर." चूक सापडली की त्या जागेचं चित्र काढायचं, तिच्याभोवती लाल वर्तुळ ओढायचं, आणि खाली दोन शब्द लिहून मला पाठवायचं: "बघा बरं." शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस, पण तोंडाने सांगणार नाही. मला भयंकर राग यायचा.

मग आमच्या संपादकबाईंना एका इंग्रजी मासिकाच्या साइटवर लेखाच्या सुरुवातीला टोलेजंग अक्षर दिसलं. तीन ओळींएवढं उंच, बाकीचा मजकूर त्याला वळसा घालून जाणारा. झालं! "आपल्याला असं हवं." तेव्हा काय, मी त्या इंग्रजी पानाचा साचा उचलला. पानाचं रूप ठरवणारी सीएसएस नावाची भाषा असते, तिच्यात फर्स्ट-लेटर नावाची सोय असते. एक नियम लिहिला की प्रत्येक लेखाचं पहिलं अक्षर ब्राउझर आपणहून वेगळं काढतो, मग ते मोठं करा, डावीकडे तरंगत ठेवा, रंगवा, काय हवं ते करा. इंग्रजी साच्यात त्या अक्षराची ओळउंची, म्हणजे ओळीला मिळणारी उभी जागा, अक्षराच्या आकारापेक्षाही कमी ठेवलेली होती. त्यांच्या कॅपिटल अक्षरांना डोक्यावर काही नसतं आणि पायाखाली काही नसतं, त्यांचं भागतं. आमचा पहिलाच लेख निघाला "वीज" या शब्दाने. वी एवढा मोठा, आणि त्याची वेलांटी वरून सपासप कापलेली! अक्षर स्वतःच्या चौकटीबाहेर गेलं होतं आणि चौकटीबाहेरचं सगळं लपवायचं असं मीच वर लिहून ठेवलेलं.

पाचच मिनिटांत चित्र आलं. लाल वर्तुळ. बघा बरं.

ओळउंची वाढवली तर वेलांटी परत आली, पण अक्षर खाली घसरलं. आपलं अक्षर ओळीवर उभं राहत नाही, ते वरच्या रेषेला लोंबतं. मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेशी जुळली नाही तर शब्दाचं डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे. ते जुळवलं तर पुढच्या आठवड्यात "दूर" आला आणि त्याचा ऊकार चौथ्या ओळीतल्या एका बिचाऱ्या शब्दाच्या टाळक्यावर जाऊन बसला. मग काका आणि मी, अर्धा टक्का वर, पाव टक्का खाली, असं करत बसलो. सगळ्या मजकुराची ओळउंचीसुद्धा वाढवली, कारण मात्रा-उकारांना श्वास घ्यायला जागा लागते आणि मी ती इंग्रजीच्या हिशेबाने ठेवली होती. नाकी नऊ आले. पण शेवटी काकांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या तोंडून ठीक आहे म्हणजे लॉटरी लागली समजायचं.

त्यानंतर काका आजारी पडले. काही दिवस घरूनच काम बघत होते, मग तेही थांबलं, आणि थंडी सरायच्या आत ते वारले. आम्ही सगळे जाऊन आलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना दिसत नाही हे आम्हाला माहीत होतं. आयुष्यभर घरी शिवणकाम केलं, काजं केली, बटणं लावली, आणि उतारवयात डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू पानवाली ना? तुझ्याबद्दल रोज ऐकते."

साधारण महिना गेला असेल. गुरुवारी दुपारी मी लेख चढवून चहा घेत होते, आणि ईमेल आला. भिंगकाकांच्या पत्त्यावरून.

मजकूर नाही. विषय नाही. नुसतं एक चित्र. आमच्याच त्या दिवशीच्या पानाचं. लेख सुरू होत होता "त्या" या शब्दाने, आणि चित्रात मोठ्ठा त होता, खाली मोडक्या पायासकट: त्. त्याच्यापुढे मजकुराच्या आकाराचा बारीकसा "या". आणि त्या लंगड्या त भोवती लाल वर्तुळ.

माझ्या हातातला चहा सांडला, अगदी खरं सांगते. मी पान उघडून पाहिलं. माझ्या पडद्यावर "त्या" धडधाकट होता, एकसंध, मोठा, शिरोरेषा जुळलेली. फोनवर पाहिलं, धडधाकट. संपादकबाईंच्या लॅपटॉपवर पाहिलं, धडधाकट. म्हणजे मेलेल्या माणसाने चूक दाखवली, आणि ती चूक जिवंत माणसांना दिसत नव्हती.

"कोणीतरी चेष्टा करतंय," बाई म्हणाल्या.

"कोण करणार? पासवर्ड काय रस्त्यावर पडलाय?"

बाईंनी काकांच्या मुलीला फोन लावला. ती लांब राहते. ती म्हणाली, बाबांच्या कॉम्प्युटरला कोणी हात लावत नाही, आईला तर दिसतच नाही, घरात दुसरं कोणी नाही. मग तिनेच विचारलं, "का? काही आलंय का तिकडे?" तिचा आवाज असा काही झाला की बाईंनी "नाही गं, सहज" म्हणून फोन ठेवून दिला.

मी त्या पत्त्यावर उत्तर पाठवलं: कोण आहे? उत्तर आलं नाही.

पुढच्या गुरुवारी लेख "घरात" ने सुरू होत होता. चित्र आलं नाही. मी म्हटलं, सुटले बाई. त्याच्या पुढच्या गुरुवारी "प्रत्येक". दुपारी चित्र. मोठा प्, पाय मोडलेला, आणि पुढे बारीक "रत्येक". माझ्याकडे सगळं नीट. मग "काल" ला काही नाही. मग "स्वतःच्या" ला चित्र: स् वेगळा, व वेगळा. जे कोण होतं ते तपासत होतं. सरसकट पाठवत नव्हतं, बघून, निवडून पाठवत होतं, आणि काकांसारखंच चूक नसेल तेव्हा गप्प बसत होतं. मला ह्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटायला लागली. वर्तुळ मात्र काकांसारखं नव्हतं. काकांचं वर्तुळ कंपासने काढल्यासारखं. हे थरथरतं होतं, एका जागी दोनदा गेलेलं, दुसऱ्या टोकाला उघडंच राहिलेलं. आजारी माणसाच्या हातचं वाटायचं. एकदा मनात आलं की दुखणं सुटलं नाही का अजून त्यांचं, आणि मी संडासात जाऊन रडून आले.

मग मी काय केलं असेल? लेखकांना फोन करून पहिले शब्द बदलायला सांगायला लागले! "'त्या दिवशी'ऐवजी 'तेव्हा' करू या का? 'प्रश्न असा आहे'ऐवजी 'मुद्दा असा आहे'?" जोडाक्षराने लेख सुरूच होऊ द्यायचा नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. एका तापट लेखकाने विचारलं, "का हो, तुमच्याकडे जोडाक्षरांवर बंदी आली का?" काय सांगू त्याला, की आमचे वारलेले मुद्रितशोधक नाराज होतात? तीन आठवडे एकही चित्र आलं नाही. त्या तीन आठवड्यांत माझ्या जिवाला बरं वाटायला हवं होतं. उलट दर गुरुवारी दुपारी मी ईमेलकडे डोळे लावून बसायचे, आणि काही आलं नाही की आपण कुणाचं तरी तोंड दाबून धरलंय असं वाटायचं.

शेवटी बाईंनीच निकाल लावला. "बास झालं हे. पुढच्या गुरुवारपासून ती मोठी अक्षरंच काढून टाक. पहिला शब्द साधा, बाकी शब्दांएवढा. न रहेगा बांस." मी लगेच हो म्हटलं. एक नियम पुसायचा, दोन मिनिटांचं काम. पण पुसायच्या आधी मला एकदा त्या घरी जाऊन यावंसं वाटलं. का ते नीट सांगता येणार नाही. वाटलं की काकांनी वर्तुळ काढलं आणि आपण चूक न बघताच पाटी पुसली, असं व्हायला नको.

दुपारची वेळ होती. खाली एक कपडे धुण्याचं दुकान, त्याच्या वाफेचा वास जिन्यात भरलेला. तिसऱ्या मजल्यावर काकूंनी दार उघडलं, माझा आवाज ऐकल्यावर चेहरा खुलला. "ये, ये. पानवाली ना? बघ, मी ओळखलं." चहा टाकायला वळल्या. सगळं हाताने चाचपत, पण इतकं सराईत की आपल्याला मदत करायची लाज वाटावी.

आणि मला आतल्या खोलीतून घूं घूं असा आवाज आला.

तो आवाज मला पाठ होता, जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याचा. दार लोटलं. खोलीत कुणी नव्हतं, टेबलासमोर काकांची रिकामी खुर्ची आणि शेजारी एक स्टूल. टेबलावर काकांचा म्हातारा कॉम्प्युटर चालू होता आणि पडद्यावर आमचं पान होतं. मी माउस धरून तो जुना अंक उघडला, "त्या" ने सुरू होणारा. आणि तिथे, माझ्या डोळ्यांसमोर, लंगडा त उभा होता. पायाशी ती तिरकी रेघ. पुढे बारका "या". खराखुरा.

भूत असं समोर दिसलं की माणसाला काय वाटतं? मला तर हायसं वाटलं! कारण पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी पट्टी होती: तुमचा ब्राउझर फार जुना झाला आहे, अपडेट करा. आणि सगळा उलगडा झाला. ब्राउझरला पहिलं अक्षर उचल म्हटलं की अक्षर कुठे संपतं हे त्याचं तो ठरवतो. मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं अक्षराबरोबर घ्यायचं, हे जुन्यालाही कळतं. पण जोडाक्षरात तो पाय मोडलेल्या व्यंजनापाशी थांबतो. त्याच्या लेखी त् इथे अक्षर संपलं आणि या हे दुसरं. नव्या ब्राउझरांना आता शिकवलंय की त्या हे सगळं मिळून एक. आमच्या ऑफिसातली सगळी यंत्रं नवी. तिथे काकांनाही हे कधी दिसलं नव्हतं, ते घरी बसल्यावरच दिसलं असणार.

"काकू," मी ओरडलेच, "हे तुम्ही पाठवता?"

काकू दारात चहा घेऊन उभ्या होत्या. शाळेत पकडलेल्या मुलीसारखा चेहरा केला त्यांनी. "चुकलं का गं काही?"

मी म्हटलं, "अहो पण तुम्हाला दिसत नाही ना?"

"मोठं असलं तर दिसतं."

मग त्यांनी मला दाखवलं. कीबोर्डच्या तीन कळांवर त्यांनी शर्टाची बटणं चिकटवली होती. पांढरं बटण, पान ताजं करायचं. काळं, चित्र काढायचं. मग माउसने वर्तुळ. आणि कोटाचं जाड बटण दाबलं की चित्र थेट माझ्या पत्त्यावर. कळांची सोय काकांनी आजारपणात करून ठेवली होती, बटणं काकूंनी लावली. "ते पडून असायचे, बसवत नव्हतं. मी ह्या इथे बसायची. ते म्हणायचे, पहिलं अक्षर बघ, टोपी कापलीय का? पाय मोडलाय का? मी सांगायची. एका दुपारी मी म्हटलं, अहो ह्या त ला पाय आलाय. ते म्हणाले, अरेच्चा, म्हणजे जुन्या मशीनवर पोरीचं अक्षर फुटतंय, हे पाठवायला हवं तिला. उद्या सकाळी पाठवू, म्हणाले." काकूंनी चहाचा कप माझ्या हातात दिला. "दुसऱ्या दिवशी सकाळी ते शुद्धीत नव्हते."

मी कप टेबलावर ठेवला. कपातला चहा तसाच.

"मी म्हटलं, त्यांनी सांगितलेलं काम आहे, राहायला नको. मला लिहिता येत नाही त्यावर, म्हणून नुसतंच पाठवलं. तुम्हाला कळत होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "कळत होतं." खोटं बोलले. दुसरं काय बोलणार होते?

मग मला वाटलं, ह्यांना या कटकटीतून मोकळं करावं. मी त्या पिवळ्या पट्टीकडे माउस नेला. काकूंना काय दिसलं देव जाणे, पण खटकन माझं मनगट धरलं. "अपडेट करतेस ना? नको. ते करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, सगळ्यांकडे कुठे नवी यंत्रं असतात? जुन्यावर बसलेला वाचकही वाचकच. त्याला काय दिसतं ते बघायला आपल्याकडे एक तरी जुनं हवं."

"बरं, नाही करत. आणि आता काळजीच नको काकू. पुढच्या गुरुवारपासून आम्ही ती मोठी अक्षरंच काढतोय. चूकच राहणार नाही."

मला वाटलं, त्यांना आनंद होईल. काकू खाली बसल्या, अगदी हळू, स्टुलाची कड चाचपून.

"काढू नकोस गं," म्हणाल्या. "मला तेवढंच दिसतं."

त्या सांगत होत्या. लग्नानंतर काकांनी त्यांना रोज काही ना काही वाचून दाखवलं. त्या शिवायच्या, ते वाचायचे. डोळे गेल्यावर तर सगळंच. आता पानावरचा मजकूर म्हणजे नुसता राखाडी धूर. पण वरचं एक अक्षर दिसतं. मान जरा तिरकी करून डोळ्याच्या कडेने पाहिलं की दिसतं. मग त्या त्याच्यासमोर बसतात. घ असेल तर म्हणतात, घराबद्दल असेल काही. म असेल तर माणसाबद्दल. काकांच्या आवाजात पुढचं वाक्य लावून बघतात. दुपार जाते.

"सगळंच मोठं करून देऊ का?" मी म्हटलं. "होतं तसं."

"मुलीने करून दिलं होतं. अक्षरं मोठी होतात, पण मग ओळ हरवते. कुठून कुठे आले तेच कळत नाही."

"यंत्र वाचून दाखवतं हल्ली. ते लावू?"

काकूंनी मान हलवली. "तो आवाज कोणाचा गं?"

मी चहा न पिताच उठले. जिन्यात उभी राहून बाईंना फोन केला आणि सांगितलं की मोठं अक्षर राहणार. बाई म्हणाल्या, "आता काय झालं?" मी सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "पण जुन्यावर मोडणारच ना ते?"

"मोडलं तर मला विचारा."

गुरुवारपर्यंत मी दुसरं काही केलं नाही. फर्स्ट-लेटरवर विसंबायचं सोडून दिलं. लेख चढवण्याआधी आमचा प्रोग्राम आता स्वतःच पहिलं अक्षर शोधतो: एक व्यंजन घे, पुढे मोडका पाय आणि आणखी व्यंजन असेल तर तेही घे, जितक्या वेळा असेल तितक्या वेळा, मग मात्रा, मग अनुस्वार, तिथे थांब. तेवढ्यालाच वेगळं वेष्टन घालायचं, म्हणजे ब्राउझर जुना असो नवा असो, त्याच्या अकलेवर काही राहत नाही. सुरुवातीला अवतरणचिन्ह असेल तर ते बाहेर, लहानच. नाहीतर फर्स्ट-लेटर त्यालाही ढोलाएवढं करतं. स्वर असेल तर त्याची वेगळी वाट. मग मी "स्त्रिया" घालून पाहिलं, "दृष्टी" घातलं, "क्षितिज", "कैक", "भूक". स्त्रि मध्ये वेलांटी आधी येते, तिला डावीकडे जागा पुरेना, ती समासाला जाऊन धडकली. ती सोडवली तर शिरोरेषा केसभर वर गेली. बाई मागून येऊन म्हणाल्या, "केसभर कोणाला दिसणार?" मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या परत गेल्या. मला एक बाई माहीत होती जिला त्या पानावर दुसरं काहीच दिसत नव्हतं.

त्या तापट लेखकाला फोन केला. "तुमचा लेख हवाय. आणि हो, सुरुवात जोडाक्षरानेच करा." तो म्हणाला, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?

गुरुवारी लेख चढवला आणि थेट काकूंकडे गेले. ऑफिसातून बघण्यात अर्थ नव्हता. काकू वाटच बघत होत्या. स्टुलावर बसल्या, बोटांनी पांढरं बटण शोधलं, दाबलं. पान कोरं झालं. ते जुनं यंत्र, त्याला वेळ लागतो. पंखा घूं घूं करत होता.

पान आलं. "त्या".

काकूंनी मान तिरकी केली. नाक पडद्याला टेकेल इतक्या पुढे गेल्या. त्यांनी बोट काचेवर ठेवलं आणि अक्षराच्या कडेने फिरवलं, आधी वरची रेघ, मग त, मग य, काना, खाली.

"पाय नाही मोडला," म्हणाल्या.

"नाही."

"वरचंही कापलेलं नाही."

"नाही, काकू."

त्यांचं बोट कोटाच्या बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. दाबलं नाही. दाबायला काही उरलंच नव्हतं. ते मला त्या क्षणी कळलं. इतके महिने दर गुरुवारी या बाईला नवऱ्याचं एक काम करायचं असायचं. ते मी संपवलं होतं. मला वाटलं, आता रडतील, आणि मी काय करू?

त्या रडल्या नाहीत. खुर्चीकडे वळल्या. टेबलासमोरच्या त्या रिकाम्या खुर्चीकडे. आणि अगदी साध्या आवाजात, जेवायला बोलवावं तसं, म्हणाल्या, "झालं हो नीट. उठा आता."

मी विश्वास ठेवत नाही असं सुरुवातीला म्हटलं. पण त्या खुर्चीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"चूक दुरुस्त झाल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत," काकू मला म्हणाल्या. "ताट गार व्हायचं. त्या दिवसापासून मी हे बंद केलं नाही. म्हटलं, ते बसलेत, कसं बंद करू?" मग म्हणाल्या, "आता कर बंद."

"पुढच्या गुरुवारी?"

"पुढच्या गुरुवारी मी लावीन. माझ्यासाठी. अक्षर बघायचंय ना मला."

मी त्यांचा हात धरून कळ दाखवली, आणि त्यांनीच ती दाबली. पडदा काळा झाला. पंखा थोडा वेळ फिरत राहिला, मग त्याचा आवाज बारीक होत होत थांबला. खाली कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं ते ऐकू आलं.

"गेले," काकू म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्या रडायला लागल्या.